अनुभव आहे, कागद वाशिष्ठीत आहेत

बायोडाटा करायचा असेल तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा: जन्मात तो एकदाच करा, सायबर कॅफेतल्या संगणकावर करा, आणि फाइल तिथेच ठेवून घरी या. कॅफेवाला काय पळून जातोय? माझा पळून गेला नाही. 22 जुलै 2021 ला त्याचं दुकान आमच्या घराबरोबर पाण्यात गेलं आणि आता तिथे चायनीजची गाडी लागते. फाइलचं नाव मात्र मला चोख आठवतं. `Resume New Final 2`.

प्रिंट कुठे होत्या? पत्र्याच्या ट्रंकेत, पलंगाखाली. चिपळूणात पलंगाखाली महत्त्वाचे कागद ठेवणारा माणूस किती शहाणा, ते चिपळूणकरांना सांगायला नको. धरणाचं पाणी कोणी सोडलं की आपलं आपण आलं, या वादातही मी पडत नाही. ट्रंक उघडली तेव्हा अकरा वर्षांच्या कंत्राटी नोकरीचा गोळा झाला होता आणि वर बोटभर चिखल होता. आईने तो गोळा न सोलता तसाच सुपात ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळून रोज कागद बदलला. सहाव्या दिवशी त्यातून पगाराची एक स्लिप धड निघाली. एकच.

तरीही काही बिघडलं नव्हतं, कारण पुराच्या नंतर चार वर्षं मी मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात होतो. मामा बायोडाटा मागत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र एका कंपनीच्या स्टोअर विभागात जागा निघाली, आणि मला समजलं की मला अनुभव आहे हे फक्त मलाच माहीत आहे.

तेव्हा, माझ्यासारखे कागद बुडवून बसलेल्यांसाठी थोडा अनुभवी सल्ला.

आयकराचा फॉर्म 26एएस बघा, असं सगळे शहाणे सांगतात. जरूर बघा. टीडीएस कापण्याइतका पगार तुम्हाला कोणी दिला असेल तर त्याचं नाव तिथे मिळेल.

मित्राच्या कर्जाला जामीन राहा. हा सल्ला मात्र मी हसून देत नाही. 2016 मध्ये मी एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. आई वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. पण जामीनदार म्हणून दिलेल्या तीन महिन्यांच्या स्लिपांच्या झेरॉक्स त्या पतसंस्थेच्या माडीवर कोरड्या पडून होत्या. घर, गाडी, फ्रीज, कोणाचंही कर्ज असो, तिथे आपली सही असेल तर आपली स्लिप तिथे आहे. जाऊन मागा. हप्ते थकले असतील तर ती माहितीही फुकट मिळते.

आता माझी सुपातली स्लिप. तिच्यावर महिना आणि कंत्राटदाराचं नाव जांभळ्या रबरी शिक्क्याने मारलेलं होतं. शिक्का विरघळून कागदावर जांभळाचं सरबत सांडल्यासारखा डाग झाला होता. आकडे डॉट मॅट्रिक्सवर ठोकलेले, ते जसेच्या तसे. मूळ पगार 6,900, एकूण 10,400, पीएफ 780, व्यवसाय कर 300, महिन्याचे दिवस 29. ‘यात तारीख कुठाय?’ असं मी आईला विचारलं. तारीख तिच्यातच होती, मला वाचता येत नव्हती.

व्यवसाय कर महाराष्ट्रात आमच्या पगाराला महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. 300 दिसले की फेब्रुवारी. पीएफ बारा टक्के, म्हणजे 6,900 वर 828 व्हायला हवा होता, पण कापलाय 780, म्हणजे 6,500 चे बारा टक्के. ती जुनी मर्यादा. सप्टेंबर 2014 पासून ती 15,000 झाली, म्हणजे ही स्लिप त्याच्या आधीची. (तुमच्या स्लिपवर पीएफ मूळ पगाराच्या बरोब्बर बारा टक्के असेल तर ही युक्ती चालणार नाही, मर्यादेवर कापलेला असेल तरच चालते.) राहता राहिले 29 दिवस. फेब्रुवारीला 29 दिवस लीप वर्षात. 2008 मध्ये मी कॉलेजात होतो, 2010 च्या गणपतीनंतर कामाला लागलो. मधलं लीप वर्ष एकच. फेब्रुवारी 2012!

मला इतका आनंद झाला की मी ती स्लिप मामांना दाखवली. मामा म्हणाले, “मग आता खिळ्यांची डिलिव्हरी घे.”

कंत्राटदाराचं नाव पीएफच्या नंबरातून निघालं. तो लांबलचक नंबर असतो ना, त्यातली पहिली पाच अक्षरं विभाग आणि कार्यालयाची, पुढचे सात आकडे आस्थापनेचे, मग तीन पोटशाखेचे आणि शेवटचे सात आपले. ते मधले सात आकडे ईपीएफओच्या साइटवर आस्थापना शोधायच्या पानावर टाकले की मालकाचं नाव येतं. शिक्का विरघळला तरी सात आकडे विरघळत नाहीत. हे मला पंधरा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी ट्रंकेऐवजी तेवढे आकडे भिंतीवर लिहून ठेवले असते. अर्थात भिंतही गेलीच.

काम काय केलं हे आठवायचं असेल तर डोकं खाजवू नका, गेटमधून आत चला. मी तसंच केलं, मामांच्या काउंटरवर डोळे मिटून. चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना, गेटवरचं आवक रजिस्टर, वजनकाटा, ट्रक उतरवणं, चलनाशी माल ताडणं, तपासणीची चिठ्ठी, मग जीआरएन म्हणजे माल आल्याची पावती, मग रॅकवर माल आणि त्या खणाच्या बिन-कार्डावर नोंद, शेवटी मागणीच्या चिठ्ठीवर माल देणं. एम 16 चे बोल्ट चौथ्या रॅकच्या तिसऱ्या खणात होते, हे आजही हात सांगतो. स्लिपवर माझा हुद्दा ‘हेल्पर’. तो तसाच लिहा, फुगवून ‘स्टोअर एक्झिक्युटिव्ह’ करू नका, पडताळणीत कागद हेल्परच म्हणणार. त्याच्याखाली मात्र केलेलं काम ओळीने लिहा. वर्ष आठवत नसेल तर कारखान्यात काय घडत होतं ते आठवा. 30 जून 2017 ची रात्र मी स्टोअरमध्ये काढली, कारण दुसऱ्या दिवसापासून जीएसटी आणि त्याआधी शिलकी मालाची मोजणी करायची होती. त्या रात्री कंत्राटदार दुसरा होता, कारण वडापाव त्याच्या माणसाने आणला होता. झालं, दुसरा कंत्राटदार जून 2017 मध्ये होता, हे पक्कं.

आता येऊ त्या सल्ल्याकडे ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

ईपीएफओच्या पोर्टलवर यूएएन म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराने आत जा, `View` खाली `Service History` उघडा, आणि आपण आयुष्यात किती नोकऱ्या केल्या ते बघून थक्क व्हा. मी एका कारखान्यात, एका स्टोअरमध्ये, एका लाकडी खुर्चीवर अकरा वर्षं बसलो. पोर्टल म्हणतं, तीन नोकऱ्या. कारण कंत्राट बदललं की आमचा मालक बदलायचा. आम्ही नाही बदलायचो. सकाळी त्याच गेटमधून त्याच डब्यासकट आत जायचं, फक्त ओळखपत्राची दोरी निळ्याची हिरवी झालेली असायची. पहिल्या कंत्राटदाराने जाताना सोडल्याची तारीखच भरली नाही, म्हणून कागदोपत्री मी 2010 पासून त्याच्याकडे आहे तो आजतागायत. शिवाय दुसऱ्याकडे आहे. शिवाय तिसऱ्याकडे.

मुलाखतीत समोरच्या मॅडमनी तो कागद बघून गोड आवाजात विचारलं, “तुम्ही नोकऱ्या फार बदलता का हो? आणि या तारखा एकावर एक चढल्यात. दोन ठिकाणी एकदम काम करत होता?”

मॅडम, मला एका ठिकाणचा ओव्हरटाइम मिळाला नाही, दोन ठिकाणी काम कुठून करणार?

ही चढलेली तारीख आपल्यालाच उतरवता येते, ते सांगून ठेवतो. आधी पासबुकात त्या कंत्राटदाराने शेवटची वर्गणी कोणत्या महिन्याची भरली ते बघा. मग पोर्टलवर `Mark Exit` मध्ये त्याला निवडून त्याच महिन्यातली तारीख टाका, शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटून गेलेले असले की झालं. माझी 31 मार्च 2015 निघाली आणि दुसऱ्याची रुजू तारीख 1 एप्रिल 2015. एका दिवसाचं अंतर नाही, खुर्ची तीच. पण त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि माझा तो नंबर ट्रंकेच्याच शेजारी बुडाला होता. म्हणून आधी आधार केंद्रात अंगठा, मग नंबर, मग ओटीपी, मग तारीख. आणि बायोडाटात तीन नोकऱ्या तीन ठिकाणी लिहू नका. वर कारखान्यातलं काम आणि 2010 ते 2021 एका ओळीत, खाली ‘कंत्राटदारामार्फत’ म्हणून तीन नावं तारखांसकट. म्हणजे वाचणाऱ्याला खुर्ची दिसते आणि पडताळणारा खोटंही काढू शकत नाही.

हे सगळं करून, रंगीत प्रिंट काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी परत गेलो. मॅडम म्हणाल्या, “छान केलंत. आता तिन्ही कंत्राटदारांचं कार्यमुक्तीचं पत्र आणा.”

अहो, कोणाकडून आणू? पहिल्याच्या ऑफिसात आज मोबाइलची कव्हरं विकतात. दुसरा फोन उचलत नाही. तिसरा म्हणतो, “तुझं नाव माझ्या रजिस्टरला नव्हतंच,” आणि त्याच्याच कोडवर माझी तीन वर्षांची वर्गणी जमा आहे! तुम्हीच माणसं कंत्राटावर घेता, तुम्हीच दर काही वर्षांनी कंत्राटदार बदलता, कारण कायम करावं लागू नये. जाताना कोणाला चिठ्ठीचा चतकोर देत नाही. आणि नंतर टेबलापलीकडे बसून आम्हालाच विचारता की तुमचं एका जागी का टिकत नाही? तुमच्या स्वतःच्या गेटवर आज किती जणांच्या दोऱ्या हिरव्या आहेत, ते आधी मोजा. त्यातल्या किती जणांना तुम्ही पत्र देणार आहात, तेही सांगा. पीएफच्या नोंदीत तारीख, आस्थापना, वर्गणी सगळं सरकारी आहे, ते तुम्हाला पुरत नाही आणि कोणीही घरी छापलेल्या लेटरहेडवरची सही पुरते? तारीख न भरणारा कंत्राटदार सुटला, त्याला विचारणारा कोणी नाही. ती दुरुस्त करणारा मी मात्र संशयित. लाज वाटायला पाहिजे, आणि ती मला नाही.

हे मी तिथे बोललो नाही. “आणतो,” म्हणालो आणि एसटी धरली.