स्पर्धा जास्त, तर जाहिरातही जास्त?

विक्रीचा किती हिस्सा जाहिरातीवर घालावा याचा एक नियम मी मांडला होता: गिऱ्हाईक भावाला जितकं हळवं, तितका तो हिस्सा कमी. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "तुमचा नियम उलटा वाटतो. ज्याला स्पर्धा नाही त्याने जाहिरातीवर जास्त खर्च करायचा आणि ज्याच्या मानगुटीवर दहा जण बसलेत त्याने कमी? आमच्या मामांचा सांगलीत हळद पावडरचा पॅकिंगचा धंदा आहे. ते वर्षानुवर्षे विक्रीच्या दोन टक्के जाहिरातीला काढतात. त्यांना लवचिकता वगैरे काही ठाऊक नाही, तरी धंदा चाललाय."

नमस्कार. मामांचा धंदा हळदीचाच आहे हे बरं झालं, हिशेब त्यावरच मांडतो.

आधी मार्केट यार्डातला सौदा डोळ्यांसमोर आणा. व्यापारी राजापुरी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो आणि बोली लावतो. तिथे स्पर्धा पुरेपूर आहे, पण एकही शेतकरी आपल्या ढिगाची जाहिरात करत नाही. चालू भावाला त्याचा सगळा माल खपणारच असतो आणि भाव ठरवणं त्याच्या हातात नसतं. तोच माल दळून, पुडीत भरून, नाव छापून दुकानात गेला की भाव थोडाफार मामांच्या हातात येतो. जाहिरातीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

अर्थतज्ज्ञ डॉर्फमन आणि स्टाइनर यांनी 1954 मध्ये मांडलेला नियम असा: नफा सर्वांत जास्त असतो तेव्हा

जाहिरात खर्च ÷ विक्री = जाहिरात-लवचिकता ÷ किंमत-लवचिकता

जाहिरात-लवचिकता म्हणजे जाहिरात एक टक्का वाढवली की विक्री किती टक्के वाढते; किंमत-लवचिकता म्हणजे भाव एक टक्का वाढवला की विक्री किती टक्के घटते. यातली किंमत-लवचिकता कुठून येते ते महत्त्वाचं आहे. जाहिरातीमुळे एक पुडी जास्त खपली तर मामांच्या हातात पुडीची पूर्ण किंमत उरत नाही, फक्त मार्जिन उरतं. आणि ज्याने भाव नीट ठरवला आहे त्याचं मार्जिन, किमतीचा हिस्सा म्हणून, किंमत-लवचिकतेच्या व्यस्त असतं. गिऱ्हाईक भावाला जितकं हळवं, तितकं मार्जिन बारीक. म्हणून ती लवचिकता भागाकारात खाली बसते.

समजा पुडीला मामांना 40 रुपये मिळतात आणि जास्तीची एक पुडी तयार करून पोचवायला 30 रुपये लागतात. मार्जिन 25 टक्के, म्हणजे किंमत-लवचिकता 4. जाहिरात 10 टक्क्यांनी वाढवली की विक्री 1 टक्का वाढते असं धरू. म्हणजे जाहिरात-लवचिकता 0.1. भागाकार 2.5 टक्के. वर्षाची विक्री एक कोटी असेल तर अडीच लाख.

पडताळा घ्या. अडीच लाखांत आणखी 25,000 घातले तर विक्री लाखभराने वाढते आणि त्यातले 25,000 हातात उरतात. तिथे तोंडमिळवणी होते. पाच लाखांवर असताना आणखी 50,000 घातले तर परत जेमतेम 27,000 येतात. विक्रीचा आकडा फुगतो, गल्ला आटतो.

आता तुमचा मुद्दा. स्पर्धेने किंमत-लवचिकता वाढते, मार्जिन घटतं आणि योग्य टक्का खाली येतो. पण स्पर्धेने जाहिरात-लवचिकताही वाढू शकते, कारण शेजारच्या ब्रँडचं गिऱ्हाईक ओढता येतं. दोन्हींपैकी कोणती जास्त हलली यावर उत्तर ठरतं, त्यामुळे "स्पर्धा आहे म्हणून जास्त" हे सरसकट खरं नाही. शिवाय शेजाऱ्यानेही लगेच तेवढीच जाहिरात वाढवली तर ओढलेलं गिऱ्हाईक परत जातं. हिशेबात धरायची ती त्याच्या उत्तरानंतर उरणारी लवचिकता.

मामांचे ठरलेले दोन टक्के मला मुळीच अडाणीपणाचे वाटत नाहीत. दोन्ही लवचिकता फारशा हलत नसतील तर नियमही ठरलेला टक्काच सांगतो. फसगत होते ती कच्ची हळद महागल्यावर. पुडीचा खर्च 34 वर गेला आणि भाव 40 च ठेवावा लागला, तर मार्जिन 15 टक्के उरतं. अशा वेळी जाहिरात-लवचिकतेला थेट मार्जिनने गुणायचं: 0.1 गुणिले 15, म्हणजे दीड टक्का. दोन टक्के तेव्हा जास्त होतात.

खरी अडचण ती 0.1 शोधण्याची आहे, आणि मामांच्या जुन्या वह्यांतून ती निघणार नाही. ते विक्री बघून जाहिरात ठरवतात, म्हणून दोन्ही आकडे जोडीनेच चढतात-उतरतात. त्यावरून जाहिरातीने विक्री वाढली असं वाटतं, प्रत्यक्षात विक्रीने जाहिरात वाढवलेली असते. त्यापेक्षा एका हंगामात तासगाव तालुक्यात भिंती आणि केबलवरचा खर्च दीडपट करा, वाळव्यात आहे तसाच ठेवा. भाव आणि स्कीम दोन्हीकडे एकच हवी. मग दोन्ही तालुक्यांची मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी तुलना करा. डीलरने उचललेला माल मोजू नका, तो गोदामात पडून असतो. किराणा दुकानदाराची दुसरी-तिसरी ऑर्डर मोजा. आणि जाहिरात थांबल्यावरही काही महिने मोजत राहा, कारण आज रंगवलेली भिंत पुढच्या हंगामातही पुड्या खपवते. तेवढं धरलं नाही तर लवचिकता खरीपेक्षा कमी दिसेल आणि मामा गरजेपेक्षा कमी खर्च करतील.