एमआरएनए लस आली म्हणून फ्लूची लस दरवर्षी बदलायचं थांबेल का?

एमआरएनए फ्लू लशीची बातमी आली की खाली कुणीतरी हमखास लिहितं, "चला, आता दरवर्षीची कटकट संपली!" मला हे पटत नाही. एमआरएनए हे लस झटपट बनवायचं तंत्र आहे. दरवर्षी बदलावी न लागणारी लस हा वेगळाच प्रश्न आहे, आणि तो बराच अवघड आहे.

२०१४ चं उदाहरण घ्या. उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यासाठी लशीत कोणते विषाणू घ्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीतच सांगते, कारण कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार करायला साधारण सहा महिने जातात. त्या वर्षी एच३एन२ या फ्लूच्या प्रकारासाठी २०१२ मध्ये टेक्सासमध्ये सापडलेला विषाणू निवडला गेला. निर्णय झाल्यानंतर काही आठवड्यांतच बदललेला एच३एन२ दिसू लागला आणि सप्टेंबरपर्यंत तो सर्रास आढळत होता. पण तोवर लस तयार झाली होती. त्या हंगामात अमेरिकेत लशीची परिणामकारकता जेमतेम १९ टक्के भरली.

एमआरएनए तंत्र असतं तर? निवड काही महिने पुढे ढकलता आली असती. शिवाय अंड्यात वाढताना विषाणू स्वतःच थोडा बदलतो, ती भानगडही टळली असती. हा फायदा खरा आहे. २०२५ मध्ये मॉडर्नाने पन्नाशीपुढच्या सुमारे ४० हजार लोकांवरच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. नेहमीच्या लशीपेक्षा त्यांची एमआरएनए लस सुमारे २७ टक्के सरस ठरली. पण विषाणूंची निवड त्यातही हंगामानुसारच करावी लागते. म्हणजे अंदाज बांधणं सुटलं नाही, फक्त तो उशिरा बांधता येतो.

मुळात दरवर्षी बदल का करावा लागतो? विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याला डोकं आणि देठ असे दोन भाग. आपलं शरीर प्रतिपिंडं बनवतं ती मुख्यतः डोक्याविरुद्ध, आणि विषाणू बदलतो तोही मुख्यतः डोकंच. देठ फारसा बदलत नाही, पण शरीर त्याच्याकडे लक्षच देत नाही.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या पीटर पालेसे आणि फ्लोरियन क्रॅमर यांच्या गटाने यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. देठ माणसाच्या ओळखीच्या एच१ विषाणूचा ठेवायचा आणि त्यावर पक्ष्यांच्या विषाणूचं अनोळखी डोकं बसवायचं. पुढच्या डोसला डोकं पुन्हा बदलायचं, देठ तोच. डोकं प्रत्येक वेळी नवं असल्याने शरीराला आठवतो तो देठ. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत देठाविरुद्धची प्रतिपिंडं चांगली वाढली आणि दीड वर्षानंतरही टिकून होती. पण अशा हिमॅग्लुटिनिनचे दोन गट आहेत आणि तो देठ एच१ च्या गटाचा. एच३एन२ मधला एच३ दुसऱ्या गटात मोडतो, त्याच्यासाठी हाच खटाटोप वेगळा करावा लागणार.

दुसरी वाट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट हेन्सली यांच्या गटाने धरली. २०२२ मध्ये त्यांनी फ्लूच्या २० प्रकारांची हिमॅग्लुटिनिनं एकाच एमआरएनए लशीत घातली. इथे एमआरएनए खरोखर कामाला येतं, कारण जुन्या पद्धतीने वीस घटकांची लस बनवणं जवळजवळ अशक्य. लशीतल्या प्रकारांशी नीट न जुळणारा विषाणू दिल्यावरही उंदीर आणि फेरेट वाचले, आजार सौम्य राहिला. मात्र संसर्ग झालाच. या लशीचा खरा उपयोग मला नव्या महासाथीच्या वेळी दिसतो, दर हिवाळ्यातल्या फ्लूसाठी नाही.

खरी अडचण मोजमापात आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नेहमीची लस तपासायची पद्धत सोपी आहे. फ्लूचा विषाणू रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो. लस घेतलेल्या माणसाचा रक्तद्रव ४० पट पातळ केल्यावरही त्यातली प्रतिपिंडं हे चिकटणं थांबवत असतील, तर संसर्गाचा धोका अंदाजे निम्मा झाला असं धरतात. पण देठाला धरणारी प्रतिपिंडं हे चिकटणं सहसा थांबवतच नाहीत. त्यामुळे लस उत्तम काम करत असली तरी या तपासणीत ती नापास दिसेल. मग हजारो लोकांना लस देऊन कोण आजारी पडतं ते पाहणं, एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. तो महागडा आहे आणि दगाही देतो. बायोंडव्हॅक्स या इस्रायली कंपनीची एम-००१ ही लस विषाणूच्या न बदलणाऱ्या तुकड्यांपासून बनवलेली होती. सुरुवातीच्या चाचण्यांत आशा दिसली, पण २०२० मध्ये १२ हजारांहून अधिक लोकांवरच्या शेवटच्या टप्प्यात ती आजार कमी करू शकली नाही.

आणि एक. अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने २०१८ मध्ये सार्वत्रिक, म्हणजे दरवर्षी बदलावी न लागणाऱ्या लशीसाठी जी उद्दिष्टं ठेवली, त्यांत किमान ७५ टक्के परिणामकारकता आणि संरक्षण किमान एक वर्ष, अशा अटी आहेत. किमान एक वर्ष! म्हणजे लशीतला मसाला कायम राहिला तरी टोचून घ्यायला दरवर्षी जावं लागू शकतं. म्हणून "सार्वत्रिक लस" असा मथळा दिसला की मी आधी दोनच गोष्टी शोधते: चाचणी माणसांवर झाली का, आणि लशीशी न जुळणारा विषाणू फिरत असताना लोक कमी आजारी पडले का. आजवर दुसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणणारी सार्वत्रिक लस माझ्या वाचनात आलेली नाही.