गॅप दिसली की बाद?

"एचआर इंटर्नच्या शॉर्टलिस्टिंगला डोकं लागत नाही. नोकरीत गॅप दिसली की रेझ्युमे बाद करायचा, उरलेल्यांना एकच इंटरव्ह्यू इन्व्हाइट टाकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यात गोपनीय असं काय असतं?"

असं म्हणणाऱ्यांसाठी आधी इन्व्हाइटबद्दल बोलते, कारण तिथली चूक मागे घेता येत नाही. मी इंटर्न असताना अकाउंट्सच्या जागेसाठी आठ जणांची ऑनलाइन चाचणी एकाच वेळी होती, म्हणून मी आठही पत्ते एकाच कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये टाकले. तासाभरात एका उमेदवाराचा फोन आला. यादीत तिला स्वतःच्या वरिष्ठांचं नाव दिसलं होतं, म्हणजे त्यांनाही तिचं दिसलं होतं. नोकरी शोधतेय हे तिने ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी इव्हेंट लगेच डिलीट केला, पण तोवर नावं आठही मेलबॉक्समध्ये पोचली होती. ती किती घाबरली होती, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

तेव्हापासून वेळ एकच असली तरी मी प्रत्येक उमेदवाराला वेगळं इन्व्हाइट पाठवते. गूगल कॅलेंडरमध्ये `See guest list` ची खूण काढता येते, पण ती काढायला मी एखाद्या दिवशी विसरते. वेगळ्या इन्व्हाइटमध्ये विसरण्यासारखं काही उरतच नाही. पॅनलसाठी दुसरा, फक्त आतला इव्हेंट करते. इन्व्हाइटच्या वर्णनात लिहिलेलं उमेदवारालाही दिसतं, त्यामुळे "पगाराची अपेक्षा जास्त" असा शेरा किंवा रेझ्युमेची लिंक तिथे टाकायचीच नाही.

आता गॅप. रेझ्युमे उघडण्याआधी मॅनेजरकडून निकष लिहून घेतले की हा प्रश्न बराचसा सुटतो. आमचे चार होते: बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं, इन्व्हॉइसिंग, स्प्रेडशीट आणि लेखी संवाद. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. सहा किंवा जास्त गुणांना फोन. या यादीत गॅप नव्हतीच. चौदा महिने घरी असलेल्या एका अर्जदाराला मी सवयीने बाद केलं होतं. शीटमधल्या कारणाच्या रकान्यात काय लिहायचं तेच सुचेना. पुन्हा वाचलं तर त्याआधी चार वर्षं ती दरमहा तीन खात्यांचं रिकन्सिलिएशन करत होती. गुण सात. चौदा महिने काय केलं हे मी फोनवरही विचारलं नाही. त्याचं उत्तर आजारपण किंवा बाळंतपण असू शकतं, आणि ते कळून माझे गुण बदलणार नव्हते.

डोकं लागत नाही म्हणणाऱ्यांनी पन्नासावा रेझ्युमे वाचताना स्वतःकडे लक्ष द्यावं. सुरुवातीला हात आखडता असतो, पुढे थकून सैल होतो. माझं तरी असंच होतं. म्हणून शेवटचा रेझ्युमे झाला की पहिले दहा, आधीचे गुण झाकून, मी पुन्हा तपासते. त्या वेळी दहांपैकी दोघांचे पाचाचे सहा झाले, आणि त्या दोघांनाही फोन गेला.