हिरवा दिवा आणि साठचा बल्ब

इलेक्ट्रिक स्कूटर विकताना शोरूमवाला रेंज सांगतो, पिकअप सांगतो, डिकीत हेल्मेट बसतं तेही दाखवतो. घरी गेल्यावर चार्जर आपल्या आजोबांच्या वायरिंगचा पंचनामा करणार आहे, हे मात्र तो सांगत नाही.

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं, पंचगंगेच्या बाजूचं, जुनं. मिक्सरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन खिडकीतून खाली सोडलं, चार्जर लावला, तर लाल दिवा. आबांनी वर जाऊन मिक्सर फिरवून बघितला. "ह्यो फिरतोय की! मग त्याला काय झालंय?" मिक्सर बिचारा गरीब. अर्थिंग असो नसो, फिरतो. हा चार्जर मात्र तिसऱ्या पिनेत अर्थिंग सापडल्याशिवाय कामाला हात लावत नव्हता.

शेजारचे तात्या कट्ट्यावरून बघत होते. त्यांचीही स्कूटर आहे, जुनी, आणि तिचा चार्जर असले प्रश्न विचारत नाही. ते रोज रात्री टीव्हीच्या पाच अँपिअरच्या सॉकेटला लावून झोपतात. त्या सॉकेटचा रंग पांढऱ्याचा चहासारखा झालाय, आणि सकाळी पिन उपसताना तात्या बोटं फुंकतात. "एमसीबी पडली का कधी? न्हाई. मग?" आता एमसीबी बघते ती तारेतून किती करंट जातोय एवढंच. सॉकेटातली पट्टी सैल झाली की तिथं ठिणग्या खात सगळं तापतं, पण करंट तेवढाच, साडेतीन अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल. मिक्सर दोन मिनिटांत बंद होतो म्हणून निभावतं. चार्जर चार-पाच तास एका दमात ओढतो, तेही सगळे झोपलेले असताना. आपल्याकडं 'जाळ अन् धूर संगटच' म्हणतात ते मिसळीपुरतं ठीक आहे.

तेव्हा ठरलं, स्कूटरला स्वतंत्र लाइन. मीटरपासून थेट, मध्ये दुसरं काही न जोडता.

पहिले वायरमन आले ते कानामागं टेस्टर लावूनच. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात टेस्टर घातला, दिवा लागला नाही. "अर्थ ओके!" म्हणाले. इथं जरा थांबायला हवं. अर्थिंग उत्तम असेल तरी त्या भोकात टेस्टर पेटत नाही. आत तारच नसेल तरी बहुधा पेटत नाही. कुणी तिथं न्यूट्रल जोडून ठेवला असेल तरीही नाही. म्हणजे त्या टेस्टरचं 'ओके' आमच्या आबांच्या 'बघू' इतकंच पक्कं.

त्यांनी दीड एमएमची शिल्लक वायर ओढली आणि वर बत्तीस अँपिअरची एमसीबी लावायला काढली. "मोठी घालतो, म्हंजे पडायची कटकट न्हाई." एमसीबी असते तारेच्या जिवासाठी. दीडच्या तारेचं आवरण बत्तीसच्या आधी तापून वितळायला लागेल आणि एमसीबी शांतपणे बघत बसेल. मी तसं म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की तांबड्या रश्श्यात साखर मागितली असावी. मग त्यांनी सॉकेट उघडून आत काहीतरी खुटखुट केली, आणि काय आश्चर्य, चार्जरचा दिवा हिरवा! बायकोनं चहा टाकला. वायरमन पैसे घेऊन गेले.

मला तो हिरवा दिवा पटेना. अर्थची तार कुठून आली, हे कुणीच बघितलं नव्हतं. म्हणून मावशीच्या ओळखीचा, आयटीआय झालेला एक पोरगा बोलावला. त्यानं आधी मीटरजवळ आरसीसीबी बसवली, तीस मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. तीस मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की लाइन तोडते. माणसाचा जीव वाचवणारी ती हीच, एमसीबी नव्हे. तिच्यावरचं टेस्टचं बटण आबांनी दाबलं, ती खट्‌कन पडली. "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" आबा खूश. पोरगा म्हणाला, "आजोबा, त्या बटणानं फक्त हीच चालती का ते कळतं. खाली अर्थिंग नसलं तरी पडती ती."

मग त्यानं पिशवीतून होल्डरला दोन तारा जोडलेला साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला. एक तार सॉकेटच्या फेजला, दुसरी अर्थला. बल्ब लख्ख पेटला. मी टाळी वाजवणार, तर पोराचं तोंड पडलेलं. "पेटायला नको होता, काका."

हिशेब असा. साठचा बल्ब पाव अँपिअर ओढतो, म्हणजे अडीचशेच्या वर मिलिअँपिअर. तो करंट खरोखर जमिनीत गेला असता, तर आरसीसीबीला परत आलेला दिसला नसता आणि तिनं तत्क्षणी लाइन पाडली असती. ती पडली नाही, म्हणजे करंट न्यूट्रलमधूनच माघारी येत होता. सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटाएवढा काळ्या तारेचा तुकडा. हिरव्या दिव्याचं गुपित ते.

"चालतंय की पण," तात्या.

"चालतंय, पण मागं न्यूट्रल तुटला की फेज चार्जरमधनं फिरून ह्या तुकड्यावर येणार, आणि तिथनं गाडीच्या सांगाड्यावर. सकाळी काकू गाडी पुसायला आल्या की..." पोरानं वाक्य सोडून दिलं. बायकोनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

तुकडा उपटला. परसात अर्थिंगसाठी खड्डा सुरू झाला. आबांचा आग्रह कोळसा आणि मिठाचा, आणि त्यासाठी आईच्या लोणच्याच्या खड्या मिठावर डोळा. पोरगा म्हणाला, मिठानं पाइप गंजतो; त्यापेक्षा तांब्याचा मुलामा असलेला रॉड ठोकून भोवती बेंटोनाइटची पावडर घालू, ती ओल धरून ठेवते. खड्ड्यात खजिना निघतो का, हे बघायला निम्मी गल्ली जमली. निघाली ती फुटकी कौलं.

मग मीटरपासून अडीच एमएमची तांब्याची वायर, सोळाची एमसीबी, सोळाचा पॉवर प्लग. आता उंची. आबांनी भिंतीवरची 2019 च्या महापुराची रेघ दाखवली. "ह्याच्या वर!" पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पण आबांचा विश्वास फक्त स्वतःच्या रेघेवर. सॉकेट माझ्या डोक्याच्या वर गेला. चार्जर ठेवायला फळी ठोकली आणि बटण दाबायला स्टूल आलं.

पुन्हा बल्ब. फेज आणि अर्थ. तो नीट पेटलासुद्धा नाही. नुसता डोळा मिचकावला आणि आरसीसीबी पडली. निकामी झाल्यासारखा अंधार, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय! चार्जर लावला, हिरवा. तासाभरानं स्टुलावर चढून प्लगला हात लावला, कोमटसुद्धा नव्हता.

रात्री साडेदहाला तात्या दारात. हातात त्यांचा चार्जर आणि तीन तोंडांचं एक्स्टेंशन.

"मर्दा, तुझी एमसीबी सोळाची. तुझी गाडी खाती साडेतीन. मग उरलेले साडेबारा काय वाया घालवणार हाईस?"