संडास, शौचालय, स्वच्छतागृह, वॉशरूम... पुढे काय?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास एका पाटीवर गेला. वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांसाठी खाली एक संडास बांधलाय, त्याच्या दारावर काय लिहायचं? 'संडास' म्हटल्यावर दोन-तीन जणांनी नाकं मुरडली. 'शौचालय' सरकारी वाटतं म्हणे. 'स्वच्छतागृह'वर जवळपास एकमत झालं होतं, तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "वॉशरूम लिहा ना, बरं दिसतं."

मला गंमत वाटली ती 'शौच' या शब्दाची. शौच म्हणजे मुळात शुद्धी, पवित्रता. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच नियम आहेत, त्यातला पहिलाच शौच. आपल्या पूर्वजांनी नको त्या गोष्टीचं नाव टाळायला सगळ्यात स्वच्छ शब्द शोधून काढला. आज तोच शब्द जेवणाच्या ताटावर उच्चारून बघा! मग आपण काय केलं? 'स्वच्छतागृह' काढलं. म्हणजे शौचालयाचंच नव्याने भाषांतर केलं की. शुद्धीचं घर मळलं म्हणून पुन्हा शुद्धीचंच घर बांधलं.

स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९९४ साली याला ट्रेडमिलची उपमा दिली. धावत राहा, पोचत कुठेच नाही. मनात किळस असते ती वस्तूबद्दल. शब्द बदलला तरी वस्तू तीच राहते आणि काही वर्षांत नव्या शब्दालाही तोच वास यायला लागतो.

आपल्या मराठीत हे होताना डोळ्यांनी दिसतं. सुरुवातीला आपण फक्त जागा किंवा दिशा सांगतो. 'परसाकडे' म्हणजे घराच्या मागे. 'बहिर्दिशेला' म्हणजे गावाबाहेर. पुढे जागेचं नाव क्रियेला चिकटतं आणि शेवटी थेट त्या पदार्थालाच. संडास ही खोली, पण डॉक्टर विचारतात, "संडास पातळ होते का?" खोली पातळ कशी होईल? 'बाथरूम'चं तर आपल्यादेखत झालं. इंग्रजीत ती अंघोळीची खोली. आपल्याकडे आधी "बाथरूमला जाऊन येतो" आलं, मग "बाथरूमला लागली", आणि आता आया बिनदिक्कत सांगतात, "बाळाने गादीवर बाथरूम केली." इथपर्यंत आलं की समजावं, शब्दाचं आयुष्य संपत आलंय. त्याच्याही पुढची खूण म्हणजे तो शिवीसारखा वापरला जाणं. कॉलेजची मुलं "पिक्चर एकदम संडास आहे" म्हणतात. "पिक्चर वॉशरूम आहे" अजून कोणी म्हणत नाही. म्हणून काकूंना तो बरा वाटतो, एवढंच.

सगळेच शब्द असे मळत नाहीत, हेही खरं. 'लघवी' बघा. मूळ 'लघु', म्हणजे लहान. लघुशंका हाही आडपडदाच, आणि शंका कसली ते विचारू नका. पण पॅथॉलॉजी लॅबच्या फॉर्मवर रोज छापला जाऊन तो कामाचा, कोरडा शब्द झाला. दवाखान्यात लघवी म्हणायला सहसा कोणी लाजत नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण हीच ट्रेडमिल माणसांवरूनही फिरली आहे. 'मेहतर' हा फारसी शब्द. अर्थ 'अधिक थोर', 'प्रमुख'. चित्राल संस्थानच्या राजाची पदवीच मेहतर होती! आणि आपल्याकडे तो मैला उचलणाऱ्यांसाठी वापरला गेला. 'हलालखोर'ही तसाच, अर्थ 'कष्टाचं, हक्काचं खाणारा'. म्हणजे नाव राजाचं दिलं, टोपली डोक्यावर तीच ठेवली, आणि दोन्ही शब्द जातीचा हिणकस शिक्का होऊन बसले. पुढे सफाई कामगार आले, मग स्वच्छता सेवक, आता सफाईमित्र. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध कायदा १९९३ ला झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ ला दुसरा. तरीही गटारात गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येतातच. माझं मत विचाराल तर सफाईमित्र हा शब्दही मळणार. तो वाईट आहे म्हणून नाही. त्या मित्राच्या हातचं पाणी आपण कसं पितो, त्यावर ते ठरतं.

नवे शब्द शोधूच नयेत असं मी म्हणत नाहीये. ज्याला तो शब्द रोज ऐकावा लागतो त्याने "हा नको" म्हटलं की तो सोडायचाच, त्यात वाद नाही. पण आमच्या मीटिंगमध्ये ज्यांच्यासाठी पाटी होती त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटी 'वॉशरूम' ठरलं, स्टीलची पाटी, निळी अक्षरं. विषयपत्रिकेवरचा पुढचा मुद्दा होता 'स्वच्छता सेवकांसाठी गमबूट व हातमोजे'. वेळ संपल्यामुळे तो पुढच्या मीटिंगला ढकलला. जिन्यात वॉचमन भेटला, त्याने विचारलं, "साहेब, संडासची चावी कुणाकडे ठेवायची?"