‘फायनल’ नावाच्या तीन फायली

गेल्या आठवड्यात भर पावसात एक काका माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. पावस गावाकडचे, घरची हापूसची ११० कलमं. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) बाग गेल्या वर्षी जूनमध्ये एका व्यापाऱ्याला कराराने दिलेली. हंगाम मे महिन्यात संपला, काकांच्या लेखी विषय संपला. आणि एके सकाळी व्यापाऱ्याचे गडी कल्टारचे कॅन घेऊन बागेत हजर!

ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. कल्टार जुलै-ऑगस्टात झाडाच्या बुंध्याभोवती मातीत घालतात. त्याने पालवी आवरते आणि मोहोर लवकर नि भरपूर येतो. बेताने घातलं तर ठीक, पण दोन हंगामांपुरती बाग घेतलेला माणूस हात सैल सोडतो, आणि झाड पुढे मालकाच्या गळ्यात. मातीत गेलेलं परत काढताही येत नाही.

काका म्हणाले, “ताई, करारात स्पष्ट लिहिलंय, एकच हंगाम आणि कल्टार घालायचं नाही. नोटीस काढा.”

“करार दाखवा.”

त्यांनी मुलाचा फोन पुढे केला. त्यात तीन फायली: karar final.docx, karar final 2.docx आणि karar FINAL navin.docx. सही केलेला कागद व्यापाऱ्याकडे. झेरॉक्स काढायची राहून गेली, कारण त्या दिवशी लाईट गेलेली. यातली सही कुठल्यावर झाली, विचारलं तर काका आधी मुलाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “तेवढं नाही सांगता येणार.”

मला हे उत्तर आवडलं. बहुतेक जण इथे छातीठोकपणे एका फायलीवर बोट ठेवतात, आणि ती नेमकी त्यांच्या सोयीची असते.

तिन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात एक हंगाम, ४,२०,००० रुपये तीन समान हप्त्यांत, कल्टारला मनाई. दुसऱ्यात एक हंगाम, रक्कम ४,५०,०००, हप्ते तीनच, कल्टारबद्दल अक्षर नाही. तिसऱ्यात दर हंगामाला ४,५०,००० असे दोन हंगाम, हप्ते तेच, कल्टारचा उल्लेख इथेही नाही. म्हणजे काकांना हवं ते सगळं फक्त पहिल्यात. आणि तोच सगळ्यात कच्चा वाटत होता, कारण त्याच्या डोक्यावर ‘१०० रुपयांच्या स्टॅम्पवर’ असं छापलेलं. महाराष्ट्रात असल्या करारांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा स्टॅम्प लागतो आणि काकांचा करार त्यानंतरचा. टायपिस्टने कुणाचा तरी जुना नमुना उघडून नावं बदलली होती, उघड आहे. मनाईची ओळ काकांनी मागितलेली की त्या जुन्या नमुन्यातच होती, हेही आता सांगता येत नव्हतं.

मुलगा म्हणाला, “मॅडम, तारीख बघा ना. जी शेवटची ती फायनल.” हा समज इतका पसरलाय की त्यावर थोडं लिहितेच. फोनमध्ये तिन्ही फायलींना एकच तारीख होती, म्हणजे नवीन फोन घेऊन त्याने सगळं त्यात उतरवलं त्या दिवसाची. ती तारीख कराराची नव्हे, फोनची. मग कॉम्प्युटरवर Word मध्ये File → Info उघडून शेवटचं सेव्ह कधी झालं ते पाहिलं. तर दुसरी फाईल तिसरीच्या दोन दिवस नंतर सेव्ह झालेली! त्याचा अर्थ ती अंतिम असा मुळीच नाही. टायपिस्टने आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला चुकून जुनी उघडली, तरी तिचं वय कमी होतं. फाईल शेवटी कोणी कधी हाताळली एवढंच तारीख सांगते. दोघांचं एकमत कशावर झालं ते तिला माहीत नसतं.

त्यापेक्षा पासबुक बोलकं. काकांच्या खात्यात तीन जमा होत्या, प्रत्येकी १,५०,०००: जूनमध्ये, मोहोराच्या वेळी आणि तोड सुरू झाल्यावर. ४,२०,००० चे तीन हप्ते झाले असते तर १,४०,००० आले असते. म्हणजे पहिला मसुदा रकमेपुरता तरी बाद. काकांचा चेहरा उतरला. पण पासबुकाचीही धाव तिथपर्यंतच. दुसरा आणि तिसरा, दोन्हींत पहिल्या वर्षाचे आकडे तेच, त्यामुळे हंगाम एक की दोन हे त्यातून कळणार नव्हतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर न आलेला चौथा मसुदा नव्हताच, हे कुणी सांगावं?

तिन्ही मसुद्यांत शब्दन् शब्द सारखी कलमंही होती (करारातली कलमं, झाडांची नव्हेत): कुंपण मालकाचं, राखण व्यापाऱ्याची, फांद्या तोडायच्या नाहीत. त्यांच्यावर मी तात्पुरता भरवसा ठेवेन. पण भांडण होतं ते नेमकं जिथे मसुदे वेगळे होते तिथे, आणि तिथे एकही मसुदा टेकू देण्याच्या लायकीचा नव्हता.

कायदाही इथे सरळ आहे. कराराच्या अटी कागदावर उतरल्या की पुरावा तो कागद, किंवा जिथे चालते तिथे त्याची नक्कल. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ९४ हेच सांगतं, पूर्वी ते ९१ होतं. मसुदा ही नक्कल नव्हे. तो सहीच्या आधीचा असतो, आणि सहीच्या टेबलावर काय काय बदलतं ते आम्ही रोज बघतो. नोटरीकडे जायचं मनात आलं होतं, पण त्यांच्या रजिस्टरमध्ये दस्त कसला, कुणाचा आणि कधीचा हे मिळतं, आतल्या अटी सहसा मिळत नाहीत.

म्हणून मी नोटीस काढली नाही. काका नाराज झाले. समजा मी पहिला मसुदा धरून ‘करारानुसार एकच हंगाम’ असं लेटरहेडवर लिहिलं असतं आणि समोरून सहीचा कागद आला असता, तर काकांच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता. त्याऐवजी व्यापाऱ्याला काकांच्याच फोनवरून साधा मेसेज पाठवला: सही केलेल्या कराराच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, आणि ते दोघांनी बघेपर्यंत कल्टार घालू नका. कुठलीही अट आमच्या बाजूने ठामपणे मांडली नाही. थांबायला सांगितलं कारण फोटो दोन दिवस उशिरा आले तरी बिघडत नाही, कल्टार दोन दिवस आधी गेलं तर बिघडतं.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. स्टॅम्प ५०० चा, रक्कम ४,५०,०००, हंगाम दोन. म्हणजे तिसरा मसुदा. पण तिसऱ्या पानाच्या समासात निळ्या पेनने एक ओळ, ‘कल्टार मालकाच्या लेखी संमतीनेच’, आणि खाली दोघांच्या छोट्या सह्या. ही ओळ तीनपैकी एकाही फाईलमध्ये नव्हती. काकांनी ती बघितली आणि कपाळावर हात मारला. “अरे हो! तिथेच उभं राहून लिहून घेतली होती मी!”

हंगामाच्या बाबतीत काका चुकले, कल्टारच्या बाबतीत जवळजवळ बरोबर निघाले. आता दोन हंगामांचा कागद म्हटल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. झाडावरचं फळ नोंदणी कायद्यात जंगम धरलं जातं, पण वर्षाहून जास्त काळ बागच भाड्याने ताब्यात दिली असेल तर कागद नोंदवायला हवा होता. हा नोंदवलेला नाही. त्यासाठी सगळी पानं नीट वाचायचीत, सोमवारी बसणार आहोत.

निघताना मुलाने विचारलं, “मग या तीन फायली डिलीट करू?” मी नको म्हटलं. फक्त तिघींच्या नावांतला ‘फायनल’ काढून त्या जागी ‘मसुदा’ घालायला लावला. त्याने ते माझ्यासमोरच केलं आणि काका छत्री उघडून झेरॉक्सवाल्याकडे गेले.