इंजिन लाइट घालवायला बॅटरी काढताय? आधी कोड वाचून घ्या

«चेक इंजिन लाइट लागली की गॅरेजवाले हजार-दोन हजार उकळतात. घरीच करा. बॅटरीची काळी वायर काढा, पंधरा मिनिटं थांबा, परत लावा. ईसीयू रिसेट होतो, लाइट जाते, पिकअप नव्यासारखा येतो. दोन दिवस लाइट आली नाही म्हणजे बिघाड नव्हताच, सेन्सरचा खोटा अलार्म होता. यात नुकसान काहीच नाही.»

मी गॅरेजवालाच आहे, त्यामुळे पहिल्या वाक्यावर माझं मत कोणी ऐकणार नाही. ते सोडून देतो. बाकीच्याबद्दल बोलतो.

आधी रिसेटचं. जुन्या गाड्यांत ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, काही मेमरी बॅटरीच्या करंटवर जगते. वायर काढली की ती पुसली जाते हे खरं. पण नव्या बऱ्याच गाड्यांत बिघाडाचे कोड करंट नसतानाही टिकणाऱ्या मेमरीत असतात. अशा गाडीची बॅटरी रात्रभर काढून ठेवलीत तरी सकाळी लाइट तिथंच. गेलेलं असतं ते घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि एका झटक्यात वर जाणारी काच. अमेरिकेत तर २०१० च्या सुमारापासूनच्या गाड्यांत कायमचा कोड नावाचा प्रकारच आहे. तो बॅटरी काढून जात नाही आणि स्कॅनरनेही जात नाही. दुरुस्ती झाल्याची गाडीची स्वतःची खात्री पटली तरच जातो.

ज्या गाडीत मेमरी पुसली जाते, तिथं लाइटसोबत काय जातं, ते जास्त महत्त्वाचं. मागच्या पावसाळ्यातली एक गाडी सांगतो. पेट्रोल हॅचबॅक, मालक साताऱ्याहून रोज शिरवळला कामाला जाणारे. आल्या आल्या म्हणाले, "दादा, तीनदा बॅटरी काढली. दोन-तीन दिवस बरी राहते, परत लाइट येते." मी म्हटलं, "चौथ्यांदा काढू नका. लाइट घेऊनच या." ते लाइट घेऊन आले आणि स्कॅनरवर हे दिसलं:

```
DTC    P0171
RPM    780
ECT    91 °C
SPEED  0 km/h
STFT   +11 %
LTFT   +23 %
```

P0171 म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. नुसत्या कोडवरून मात्र काही ठरत नाही. हवा कुठून तरी घुसत असेल, पेट्रोल पंप कमजोर असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. खरी गोष्ट खालच्या ओळींत आहे. कोड पडला त्या क्षणाचा तो फोटो असतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन गरम, गाडी उभी, रेस नाही. शेवटचे दोन आकडे म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा किती जादा पेट्रोल सोडतोय ते. एक आत्ता या घडीला, दुसरा गेल्या कित्येक दिवसांत शिकून घेतलेला.

मी इंजिन चालू ठेवून रेस अडीच हजारावर धरली. शिकलेला आकडा २३ वरून ६ वर आला. इथंच पंप निर्दोष सुटला. पंप कमजोर असता तर रेस वाढवल्यावर, चढावर, पेट्रोल कमी पडून आकडा उलट वाढला असता. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन त्याच्या पुढच्या मॅनिफोल्डमधून जोरात हवा ओढत असतं, म्हणून फटीतून आलेली थोडी हवासुद्धा तिथं मोठी ठरते. रेस दिली की मोजून येणारी हवाच इतकी होते की फटीची हवा त्यात हरवते. पक्कडीने क्रँककेसच्या वाफेची नळी दाबली आणि आकडा खाली यायला लागला. नळीच्या कोपराला खालच्या बाजूला भेग होती, वरून न दिसणारी. नळी साडेतीनशे रुपयांची. (हा हिशेब हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीचा. फक्त मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणाऱ्या गाडीत अशीच भेग बहुतेक वेळा आयडलिंग वाढवून कळते.)

मालकांनी तीनदा हाच फोटो पुसला होता. नुकसान म्हणतात ते हे.

मग लाइट लगेच का येत नव्हती? वायर काढली की शिकलेला आकडा शून्यावर येतो. ईसीयूला वाटतं गाडी निरोगी आहे. थंड इंजिनात ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं अजून सुरू झालेलं नसतं आणि जुनी शिकवणीही गेलेली. म्हणून त्यांची गाडी दर वेळी बॅटरी लावल्यावर पहिल्या सकाळी सिग्नलला बंद पडायची. "पिकअप नव्यासारखा" म्हणणाऱ्यांना हे कसं दिसत नाही कोण जाणे. पुढं गाडी चालवत राहिलं की आकडा पुन्हा वर चढतो. तो हद्दीबाहेर गेला तरी पहिल्या फेरीत ईसीयू कोड नुसता राखून ठेवतो, लाइट लावत नाही. दुसऱ्या फेरीत तोच बिघाड पुन्हा दिसला की लावतो. बरेच कोड असेच दोन फेऱ्यांचे असतात. दोन-तीन दिवस त्यात गेले.

खोट्या अलार्मचं उत्तरही यातच आलं. ईसीयू स्वतः करतो त्यातल्या काही तपासण्या तर आठवडाभरही होत नाहीत. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी व्हायला सहसा हायवेवर एकसारख्या वेगाने काही वेळ चालवावं लागतं. टाकीच्या वाफेची तपासणी टाकी काठोकाठ भरलेली असली किंवा रिकामी होत आली असली की होतच नाही. नुसतं गावातल्या गावात फिरवलंत तर लाइट नाही याचा अर्थ एवढाच, की अजून कोणी तपासलेलं नाही. आपल्याकडे पीयूसीवाला हे बघत नाही. कॅलिफोर्नियात राहणारे कोणी वाचत असतील तर स्मॉग चेकच्या आदल्या दिवशी बॅटरी काढू नका. तपासण्या अपुऱ्या म्हणून गाडी परत पाठवतात.

लाइट लागून राहण्याऐवजी लुकलुकत असेल तर बॅटरी, स्कॅनर सगळं बाजूला. इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. रेस सोडा आणि जागा बघून गाडी उभी करा.

एरवी ब्लूटूथचा साधा स्कॅनर पुरतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावा. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर स्क्रीनशॉट घ्या आणि मगच काय ते करा. स्कॅनरने कोड पुसला तरी फ्रीझ फ्रेम जातेच, म्हणून क्रम चुकवू नका. बॅटरी बदलायलाच काढायची असेल तर इग्निशन बंद करून थोडं थांबा, आधी काळी वायर, लावताना ती शेवटी, आणि चावी खिशात ठेवा.

शिरवळवाल्यांची लाइट मी पुसली नाही. नळी बदलून गाडी तशीच दिली. बिघाड नसलेल्या लागोपाठ तीन फेऱ्या झाल्या की ईसीयू लाइट स्वतःच बंद करतो. नळी खरंच तीच होती का, याची खात्री मलाही हवी होती. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "दादा, गेली की. तुम्ही तर काहीच पुसलं नव्हतं."